गोजरपासून लपवलेली जखम

गोजरच्या चपलांचा आवाज मला गल्लीच्या तोंडापासून ओळखू यायचा. डावा पाय जरा ओढून टाकायची ती. तो आवाज कानावर आला तशी मी मालकांना, माझ्या नवऱ्याला, कुशीवरून पाठीवर निजवलं, चादर छातीपर्यंत ओढली, दोन्ही कडा गादीखाली खोचल्या आणि सुनेला म्हटलं, "जा, सांग तिला, आत्याबाईंचा डोळा लागलाय."

उज्वला माझ्याकडे बघतच राहिली. "आत्ता? भर सकाळी?"

"म्हातारीचा डोळा कधीही लागतो. जा."

ती गेली. मी दाराच्या फटीतून बघत होते. गोजर ओट्यावर उभी, पदरानं मान पुसत. उज्वलानं शिकवलेलं सांगितलं. पोरीला खोटं बोलता येत नाही, पायाच्या अंगठ्याकडे बघून बोलते. गोजरनं आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "निजू दे. रात्रभर जागते बिचारी. भाऊंना पाणी पाजलं का? आणि पाजशील तर निजलेले असताना पाजू नको वं. उठवून बसव, हनुवटी खाली करायला सांग, मग घोट दे."

"हो मावशी."

"आणि खिडकी उघडी टाक. खोली कोंडते."

एवढं सांगून गेली. मी झोपलेली असूनसुद्धा मला सांगून गेली.

ही गोष्ट जुनी आहे. यावलच्या बाजूला आमचं गाव, चहूकडे केळीच्या बागा. त्या वर्षी पौषात मालकांना अर्धांगाचा झटका आला. बागेतून आले, खाटेवर बसले, पाण्याचा तांब्या उचलायला गेले आणि तो हातातून सुटला. मी वाकून तांब्या उचलतेय तोवर तोंड वाकडं झालेलं. मुलगा जळगावला नोकरीला. घरात मी आणि सून. आणि सगळ्यात आधी धावत आली ती गोजर. तिनंच कोणाची तरी जीप दारात उभी केली, तिनंच त्यांचं डोकं मांडीवर घेऊन जळगावपर्यंत कुशीवर धरून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, कुशीवर धरलं म्हणून उलटी घशात गेली नाही, नाहीतर वाटेतच आटोपलं असतं.

म्हणजे माझं कुंकू तिनं राखलं म्हणा. मी म्हणते तसं. आणि हीच तर अडचण होती.

गोजर आणि मी एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आलो. तिचा नवरा लवकर गेला. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं हिनं एकटीनं केलं. त्यामुळे आजारी माणसाचं तिला सगळं कळायचं. आणि कळतं ते तिच्या तोंडात राहायचं नाही. मालकांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून ती रोज यायची. आली की आधी नाक आत यायचं, मग ती. वास घ्यायची. मग पेल्यात बोट बुडवून पाणी किती गार ते बघायची. मग सुरू व्हायची. उशी एवढी उंच नको. पाय चोळताना खालून वर चोळ. भात अजून मऊ कर. रेडिओ लाव, माणसाचा आवाज कानावर पडला पाहिजे. रेडिओ बंद कर, आराम पडू दे. त्यांच्याशी बोलत जा. फार बोलू नको, दमतील.

आता एक सांगते. ती चुकीचं बोलली असती तर मी तिला त्याच दिवशी वाटेला लावली असती. मला तेवढं येतं. मी तिसरीपर्यंत शिकले, पण तलाठ्यापासून व्याह्यापर्यंत माझ्यापुढं कोणाची टाप नव्हती. पण गोजरचं पुष्कळसं बरोबर निघायचं, आणि तेच टोचायचं. मी दिवसभर त्यांचं उष्टं-खरकटं, गू-मूत काढायचे, पाठ धरली तर भिंतीला टेकून उभी राहायचे, आणि ही येऊन म्हणायची, "नखं वाढलीत त्यांची, द्वारके."

टोमणा मारून पाहिला. म्हटलं, "गोजर, एक काम कर. तू राहा इथं, मी तुझ्या घरी जाऊन तुझी म्हैस सांभाळते."

ती खळखळून हसली. "तुला नाही जमायची माझी म्हैस. लाथ मारते ती. धार काढताना बादली डाव्या बाजूनं धर."



मग मी हो-हो करायला लागले. ती सांगेल त्याला मान हलवायची आणि ती गेली की मला हवं तेच करायचं. त्याचाही उपयोग नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी ती बघायची आणि म्हणायची, "अगं, काल सांगितलं होतं ना." ते 'काल सांगितलं होतं ना' मला रात्री अंथरुणात ऐकू यायचं.

आणि मग चैत्रात मालकांच्या पाठीला जखम झाली. कंबरेच्या खाली, माकडहाडावर. आधी नुसता लाल चट्टा होता. मला वाटलं, घामोळं. पावडर लावली. मग वरची कातडी गेली. मी हळद भरली. ती भाजलेल्यासारखी ओली राहायला लागली. उज्वला म्हणाली, "आत्याबाई, दवाखान्यातल्या सिस्टरला बोलावू का?"

"गप्प बैस."

"पण..."

"सिस्टर आली की गल्ली येते. गल्ली आली की गोजर येते. गोजर आली की काय म्हणेल ठाऊक आहे ना?"

उज्वलाला ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त ठाऊक होतं. 'कूस बदलत राहा' हे गोजरनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एकदा नाही, दहादा. मीही बदलत होतेच. पण तो माणूस माझ्या दुप्पट वजनाचा, आणि मी एकटी; सुनेनं सासऱ्याचं अंग धरायचं नाही, ही आमच्याकडची रीत. कधी राहून जायचं. त्या राहून जाण्याची ती जखम होती. ती तिच्या डोळ्यांना दिसली असती तर माझं सगळं पौषापासूनचं केलेलं पाण्यात गेलं असतं, असं मला वाटायचं. म्हणून चादर. म्हणून डोळा लागलाय.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, दारोदार झोके बांधतात, आणि घराघरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. माझ्या आणि गोजरच्या घरच्या पोळ्या दरवर्षी माझ्याच परसात एकत्र व्हायच्या. चुलीवर मडक्याचं खापर पालथं घालायचं. पीठ असं सैल मळायचं की हातातून लोंबलं पाहिजे. पुरणाचा उंडा पोळपाटावर थोडा पसरायचा, मग उचलून या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची पोळी आणि एका फटक्यात खापरावर टाकायची. पोळी मी टाकायची, जाळ गोजरनं बघायचा आणि पोळी काढायची. हे ठरलेलं. कधी कोणी ठरवलं ते आठवत नाही.

त्या वर्षी मला तिला बोलवायचं नव्हतं. पण आखाजीच्या पोळ्यांना गोजर नाही म्हटल्यावर गल्लीनं विचारलं असतं. आदल्या दिवशी दुपारी ती पुरणाचं पातेलं घेऊन आली. मी तिला घरातून न आणता बोळातून परस्पर मागे घेतली. उज्वलाला आत मालकांजवळ बसवलं.

काम सुरू झालं. खापर तापलं की गोजर नुसती मान हलवायची, मी टाकायचे. ती कडा सोडवायची, घडी घालायची, फडक्यावर ठेवायची. उन्हाचा ताव, चुलीचा ताव, आणि माझ्या बांगड्या सोडल्या तर आवाज नाही. एक पोळी माझ्या मनगटाजवळ फाटली. मी तशीच टाकली. गोजरनं फाटलेल्यावर पिठाचा तुकडा बोटानं चिकटवला आणि काढली. काही बोलली नाही.

मला पौषापासून पहिल्यांदा तिच्याजवळ बरं वाटत होतं. खरंच. मनात आलं, झालं गेलं राहू दे.

आणि जाळ मागे ओढता ओढता ती म्हणाली, "उद्या प्रमिला येईल. तिच्यासमोर भाऊंची चादर तरी बदललेली असू दे गं. लेक आहे, जिवाला लावून घेईल."

प्रमिला माझी लेक. माझी लेक माझ्या घरात काय बघेल, ते ही मला सांगत होती.

माझ्या दोन्ही हातांवर पोळी होती. ती मी खापरावर टाकली. नीट टाकली. मग पिठाच्या परातीत हात ठेवले आणि म्हटलं, "गोजर, एक विचारू?"

"विचार की."

"आपण दोघी या खापरापाशी केव्हापासून बसतो?"

"लग्न होऊन आलो तेव्हापासून. का गं?"

"एवढ्या वर्षांत तू मला कधी सांगितलंस, पीठ असं मळ, हात असे फिरव म्हणून?"

"तुला कशाला सांगू? येतं तुला."

"मघाशी फाटली की."

"फाटते. माझ्याकडून जळते. त्यात काय सांगायचं."

"मग माझ्या नवऱ्याचं मला येत नाही असं वाटतं का तुला?"

तिचा पोळी काढणारा हात थांबला. मग तिनं ती पोळी काढली, कारण नाहीतर जळाली असती. काढून म्हणाली, "असं मी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. पण तू म्हणतेस 'पाणी बसवून पाज', आणि मला ऐकू येतं, हिला पाणीही पाजता येत नाही. तू खिडकी उघडतेस, मला वाटतं, हिला माझ्या घराचा वास आला. आत्ता चादरीचं बोललीस. म्हणजे माझी लेक माझ्या घरात येऊन नाक मुरडेल."

"अगं, मी काळजीनं सांगते."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय. तुझ्या मनात काळजी असते. माझ्यापर्यंत येते तेव्हा ती परीक्षा झालेली असते. रोजची परीक्षा. आणि रोज मी नापास."

गोजरच्या तोंडावर राग चढलेला मी फार वेळा पाहिलेला नाही. त्या दिवशी पाहिला. "म्हणजे मी तुझ्याकडं तपासायला येते? माझं घर सोडून, म्हैस सोडून, एवढ्या उन्हात? त्यांना जीपमध्ये घातलं तेव्हा मी तपासत होते का तुला?"

"नाही. आणि ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. म्हणूनच तर चार महिने बोलले नाही. दुसरी कोणी असती तर मी पहिल्या आठवड्यातच तिला ओट्यावरून परत पाठवली असती. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे."

"मग आता यायचंच नाही म्हण मी."

"तसं म्हणत नाही."

"तोंड शिवून येऊ?"

"तसंही नाही. ये, बस, माझ्याशी चार शब्द बोल. पौषापासून तू मला एकदाही विचारलं नाहीस, द्वारके, तू कशी आहेस. सांगायचं असेल काही, तर आधी विचार मला, सांगू का म्हणून. मी हो म्हटलं तर सांग. नको म्हटलं तर राहू दे."

"आणि तू नको म्हटलंस आणि भाऊंना काही झालं तर?"

"तर ते माझ्या माथ्यावर. नवरा माझा आहे."

ती चुलीकडे बघत बसली. परातीत अजून बरेच उंडे होते. मला वाटलं उठेल आणि जाईल. मी तिच्या जागी असते तर गेले असते, आणि जाताना पातेलं आपटून गेले असते. पण गोजरनं लाकूड आत सरकवलं, खापरावर पाण्याचा हात फिरवून ताव बघितला आणि मान हलवली. म्हणजे टाक.

उरलेल्या सगळ्या पोळ्या आम्ही तशाच केल्या. एकही जळाली नाही, एकही फाटली नाही. शेवटी तिनं आपल्या वाटणीच्या पोळ्या मोजून टोपलीत घेतल्या, हात धुतले आणि बोळातून निघून गेली. घरात डोकावलीसुद्धा नाही.

आखाजीला प्रमिला आली. आल्या आल्या वडिलांजवळ बसून रडली, मग हसली, मग त्यांना चमच्यानं रस भरवला. दुपारी म्हणाली, "गोजरमावशी दिसली नाही?"

"असेल घरी."

"आजारी आहे का?"

"मी काय तिची परिचारिका आहे?"

प्रमिलानं उज्वलाकडे पाहिलं, उज्वलानं अंगठ्याकडे.

मला दोन दिवस मोकळं वाटलं, हे मी लपवत नाही. कोणी येणार नाही म्हटल्यावर मालकांना मला हवं तितका वेळ कुशीवर ठेवता आलं. प्रमिला झोक्यावर गेली की चादर काढायचे, जखमेला वारा लागायचा. पण संध्याकाळी दारात कोणाची सावली पडली की मालक मान वळवायचे आणि तोंडातल्या तोंडात "गो... गो..." करायचे. त्यांची जीभ तेवढीच वळायची तेव्हा. माझं नावही त्यांना नीट घेता येत नव्हतं, पण तिचं अर्धं यायचं. मला राग आला, आणि मग हसू आलं, आणि मग मी उठून भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

प्रमिला सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गोजर आली. उंबऱ्याच्या बाहेर थांबली.

"येऊ का?"

एवढ्या वर्षांत या घरात शिरताना तिनं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "ये."

आली. खाली बसली, खाटेपासून लांब, भिंतीला टेकून. मालक तिला बघून तोंडभर हसले, अर्ध्या तोंडानं. तिनंही हात जोडले त्यांना. आणि मग ती गप्प. मी पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवला. खिडकी बंद होती, तिनं खिडकीकडे पाहिलं आणि नजर फिरवली. मालकांची उशी घसरली होती, तिनं उशीकडे पाहिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं, परत गुंडाळलं. लग्नघरी नवऱ्या मुलाकडची बाई बसते तशी बसून राहिली.

मला ते बघवेना. म्हटलं, "मी तुला मुकी हो म्हटलं नव्हतं."

"मग काय बोलू ते सांग. मला तेवढंच येतं गं, द्वारके. दुसरं काही सुचतच नाही."

"विचार काहीतरी."

तिनं बराच विचार केला. खरंच, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली, "झोप लागते का तुला?"

मी हो म्हणणार होते. तोंडातून निघालं, "नाही."

"मलाही लागत नव्हती. सासूच्या वेळी."

सासूचं ती कधी बोलायची नाही. काय कर, काय करू नको एवढंच सांगायची, पण ते तिला कुठून कळलं ते नाही. मी उज्वलाला चहाच्या निमित्तानं आत पाठवलं.

गोजर पेल्याकडे बघत म्हणाली, "गल्लीत सगळ्या म्हणतात, गोजरनं सासूचं फार केलं. म्हणू देते मी. तिच्या पाठीला जखम झाली होती. मला कळलीच नाही आधी. आणि कळली तेव्हा मी ती झाकली, कोण काय म्हणेल म्हणून. श्रावण होता. माश्या. एक दिवस फडकं काढलं तर आत अळ्या. म्हातारी ओरडायची नाही, नुसती माझ्याकडं बघायची. कोणाला सांगितलं नाही मी, माझ्या आईलासुद्धा नाही. भाऊंना तुम्ही घरी आणलं ना, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच. म्हणून मी कूस बदल, कूस बदल करत सुटले. तुला येत नाही म्हणून नाही. मला आलं नव्हतं म्हणून."

मी तिच्यासमोर उभी होते. ही बाई, जिच्याकडे आमची गल्ली आजारपणात सल्ला मागायला यायची, ती स्वतःच्या तोंडानं हे सांगत होती. मी सात जन्म घेतले तरी माझ्या तोंडून असलं काही निघालं नसतं. मी म्हटलं, "हे आधी सांगायचं होतंस. हे मी ऐकलं असतं."

"हे सांगवत नाही. ते सांगणं सोपं."

मी खाटेपाशी गेले, मालकांना कुशीवर वळवलं आणि चादर काढली. तिला म्हटलं, "ये, बघ."

ती उठून आली. वाकली. जखम आता तळव्याएवढी झाली होती, कडा काळपट, मध्ये पिवळी.

"तुझ्या चपला वाजल्या की मी त्यांना पाठीवर निजवायचे," मी म्हटलं. "या जखमेवर. चादर वर ओढायचे आणि तू जाईपर्यंत तशी ठेवायचे. डॉक्टरला दाखवली नाही, सिस्टरला बोलावलं नाही. तुला कळेल म्हणून. सगळ्या गावात हे ज्याला कळतं ते माणूस तू, आणि तुझ्यापासूनच लपवली."

मला वाटलं, आता येईल ते. 'काल सांगितलं होतं ना.' मी दात आवळून वाट बघत होते. तिला तो हक्क होता.

गोजरनं डोळे पुसले. मग जखमेकडे बघत विचारलं, "काय लावलंस?"

"पावडर. मग हळद."

तिचे ओठ हलले. आत काहीतरी आलं होतं आणि ती ते गिळत होती. मग माझ्याकडे वळली. "सांगू का?"

"सांग."

"काही भरू नको त्यात. आणि सिस्टरला आजच बोलाव." थांबली. "बाकी तुला येतं."

उज्वला चहा घेऊन आली ती तशीच दवाखान्याकडे पळाली. सिस्टर आली, मिठाच्या औषधी पाण्यानं जखम धुतली, मेलेलं मांस काढायला डॉक्टरला आणावं लागेल म्हणाली, आणि मलाच रागावली, इतके दिवस काय करत होता म्हणून. मी तिला उत्तर द्यायच्या आधी गोजर म्हणाली, "त्या एकट्या करतात सगळं. तुम्ही पट्टी बांधा." एवढंच. सिस्टरनं पट्टी बांधायला घेतली.

मुलानं जळगावहून हवेची गादी आणली. रोज ठरावीक वेळानं कूस बदलायची तर दोन माणसं हवीत, म्हणून गोजर सकाळ-संध्याकाळ यायला लागली. उंबऱ्यात थांबून विचारायची, येऊ का. एका बाजूची चादर मी धरायची, दुसरी तिनं. जखम भरायला सगळा पावसाळा गेला. मालक त्यानंतर बरीच वर्षं जगले, माझं नावही परत नीट घ्यायला लागले.

गोजर एकदम बदलली असं कोणी समजू नका. तोंडावर आलेलं परत गिळणं तिला फार जड जायचं. कधी विसरायची आणि सुरू व्हायची, मग मधेच जीभ चावायची. मी हसायचे. तीही हसायची. पण ती प्रयत्न करत होती, आणि तो प्रयत्न मला दिसत होता. माझ्यासाठी आजवर कोणी एवढी मेहनत केलेली मी पाहिली नाही. जीपमध्ये डोकं मांडीवर धरणं एक वेळ सोपं. घटकाभराचं काम. हे रोजचं होतं.

ज्येष्ठात एक दिवस मी मालकांना खिचडी भरवत होते. गोजर समोर बसून शेंगा सोलत होती. एक घास, दुसरा घास. तिचा हात थांबला. मला कळलं. तिसऱ्या घासाला ती म्हणाली, "द्वारके, सांगू का?"

मी खूप दमले होते त्या दिवशी. ती रागावेल, उठून जाईल, असंही मनात आलं. तरी म्हटलं, "नको."

गोजर म्हणाली, "बरं." आणि शेंगा सोलायला लागली. थोड्या वेळानं म्हशीचं काहीतरी सांगू लागली, मग कोणाच्या तरी लग्नाचं. शेंगा संपल्यावर टरफलं गोळा करून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते तर ही फाटकापाशी उभी, हातात अळूच्या पानांची जुडी. कालचं काहीही तिच्या तोंडावर नव्हतं. मी म्हटलं, "उभी काय राहिलीस, चहा टाकते."

त्या दिवशी खिचडीच्या वेळी ती काय सांगणार होती, ते मी तिला आजतागायत विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.